रेट की लांबी? रोइंगमधील वेगाचा हिशेब

रोइंगच्या होडीचा सरासरी वेग दोन राशींच्या गुणाकारातून येतो. पहिली राशी म्हणजे स्ट्रोक रेट, अर्थात एका मिनिटात वल्ही किती वेळा पाण्यात पडतात ती संख्या. दुसरी म्हणजे प्रतिस्ट्रोक अंतर. वल्ही एकदा पाण्यात पडल्यापासून ती पुन्हा पडेपर्यंत होडी जितके मीटर पुढे जाते तेवढे हे अंतर असते. रेटला ६० ने भागून या अंतराने गुणले की मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो. रेट ३६ आणि अंतर ९ मीटर असेल तर वेग ५.४ मीटर प्रतिसेकंद होतो आणि २००० मीटरची शर्यत सुमारे ६ मिनिटे १० सेकंदांत संपते.

यातले प्रतिस्ट्रोक अंतर म्हणजे वल्ह्याच्या पात्याने पाण्यात कापलेले अंतर नव्हे. पाते पाण्यात नीट पकडले गेले की ते जवळपास एकाच जागी राहते आणि होडी त्याच्या आधाराने पुढे ढकलली जाते. हा ओढीचा भाग झाला. त्यानंतर पाते पाण्याबाहेर निघते, वल्हवणारे सरकत्या बैठकीवरून पुन्हा पुढच्या ओढीच्या जागी येतात आणि या परतीच्या काळातही होडी धावतच असते. ओढ आणि परत या दोन्हींत मिळून जेवढे पाणी मागे पडते ते प्रतिस्ट्रोक अंतर.

शर्यतीची वेळ कळली म्हणून ती कोणत्या मार्गाने साधली हे कळत नाही. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पालेमबांग येथे स्वर्ण सिंग, नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या चौघांनी क्वाड्रपल स्कल्स या प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांची वेळ होती ६ मिनिटे १७.१३ सेकंद, म्हणजे सरासरी वेग सुमारे ५.३० मीटर प्रतिसेकंद. हा वेग ३४ च्या रेटने मिळवायचा तर प्रत्येक स्ट्रोकला ९.३६ मीटर जावे लागते, ३६ च्या रेटने ८.८४ मीटर आणि ३८ च्या रेटने ८.३७ मीटर. पहिल्या मार्गाने शर्यतीत सुमारे २१४ स्ट्रोक लागतात, शेवटच्या मार्गाने २३९. गुणाकार तोच राहतो. वल्हवणाऱ्यांच्या अंगावर पडणारे काम मात्र वेगळ्या प्रकारचे असते. यांतला कोणता मार्ग बरा, यावर प्रशिक्षकांमध्ये जुना वाद आहे. पुढचा संवाद त्या वादाच्या दोन बाजूंचा आहे. त्यातले संघ आणि त्यांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

दोन घराणी

लांबीचा कैवारी : होडी पळते ती स्ट्रोकच्या लांबीने. एका मिनिटात किती वेळा पाणी मारले याला महत्त्व नाही, प्रत्येक वेळी होडी किती धावली याला आहे. स्टीव्ह फेअरबेर्न यांनी केंब्रिजच्या जीझस कॉलेजात पायांच्या जोरावर उभा राहणारा लांब, मोकळा स्ट्रोक शिकवला. हिवाळ्यात संघांनी कमी रेटवर लांब पल्ले मारावेत म्हणून १९२६ मध्ये त्यांनी थेम्स नदीवर ‘हेड ऑफ द रिव्हर’ ही शर्यत सुरू केली. रेट पाहिजे तेव्हा वाढवता येतो. लांबी मात्र अंगात मुरावी लागते.

रेटचा कैवारी : शर्यत २००० मीटरची असते, हिवाळी सरावाची नाही. कार्ल आडाम हे जर्मनीतल्या रात्सेबुर्गचे शाळाशिक्षक. ते स्वतः वल्हवणारे नव्हते, त्यामुळे रूढ समजुतींचे ओझे त्यांच्यावर नव्हते. मधूनमधून विश्रांती देत तीव्र सराव, रुंद पाती आणि वाढवलेला रेट यांवर त्यांनी आठ जणांचा संघ बांधला. १९२० ते १९५६ या काळातली प्रत्येक ऑलिंपिक स्पर्धा या प्रकारात अमेरिकेने जिंकली होती. १९६० मध्ये रोमजवळच्या अल्बानो सरोवरावर आडाम यांच्या संघाने ती मालिका तोडली.

लांबीचा कैवारी : तुमच्याच सरावाची नोंदवही काढा. तुमचा संघ २४ च्या रेटवर प्रत्येक स्ट्रोकला ११.८ मीटर जातो आणि ३८ वर ८.४ मीटर. रेट वाढवताच ३ मीटर ४० सेंटिमीटर पाण्यात गेले. याला वेग म्हणायचे की घाई?

रेटचा कैवारी : अंतर घटते हे खरे, पण त्यातले घाईने किती घटले आणि पाण्याच्या नियमाने किती, हे आधी वेगळे करा. मगच दोष काढा.

घनाचा नियम

वादाचा निकाल या वेगळे करण्यावर अवलंबून आहे. पाण्याचा अवरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या अवरोधाविरुद्ध होडी चालती ठेवायला लागणारी शक्ती म्हणजे अवरोध गुणिले वेग, म्हणून शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १ टक्क्याने वाढवायचा तर शक्ती सुमारे ३ टक्के जास्त लागते.

दुसरीकडे, संघ जी शक्ती पुरवतो ती म्हणजे एका स्ट्रोकमधले काम गुणिले रेट. प्रत्येक स्ट्रोकमधले काम तेवढेच ठेवून रेट दुप्पट केला तर शक्ती दुप्पट होते, पण वेग दुप्पट होत नाही. तो २ च्या घनमुळाइतका, म्हणजे सुमारे १.२६ पट होतो. वेग १.२६ पट आणि स्ट्रोक दुप्पट, म्हणजे प्रतिस्ट्रोक अंतर ०.६३ पटीवर उतरते. कोणीही कुचराई केलेली नाही, स्ट्रोकचा जोर तसूभरही कमी झालेला नाही, तरी अंतर एकतृतीयांशाहून जास्त घटले. स्ट्रोकमधले काम कायम असेल तर वेग रेटच्या घनमुळाप्रमाणे वाढतो आणि प्रतिस्ट्रोक अंतर रेटच्या दोन-तृतीयांश घाताने कमी होते, असा हा नियम आहे.

यातून तुलनेचे एक माप मिळते. वेगाचा घन काढायचा आणि त्याला रेटने भागायचे. येणारा आकडा एका स्ट्रोकमध्ये होडीला किती उपयुक्त काम मिळाले याच्या प्रमाणात असतो. वेगवेगळ्या रेटवर हा आकडा स्थिर राहिला तर स्ट्रोक टिकला, आणि रेट वाढताना तो घसरला तर स्ट्रोक पातळ झाला. नुसते प्रतिस्ट्रोक अंतर हे सांगू शकत नाही, कारण कमी रेटवर ते नेहमीच मोठे दिसते.

दोन संघांची तुलना

लांबीचा कैवारी : मग याच मापाने आपले संघ तोलून पाहू. माझा संघ ३४ च्या रेटवर ९.३ मीटर जातो. वेग ५.२७, वेळ ६ मिनिटे १९.५ सेकंद.

रेटचा कैवारी : माझा ३८ च्या रेटवर ८.४ मीटर. वेग ५.३२, वेळ ६ मिनिटे १५.९ सेकंद. तुमच्या संघाच्या पुढे साडेतीन सेकंदांहून जास्त, म्हणजे सुमारे १९ मीटर. दीड होडीचे अंतर झाले.

लांबीचा कैवारी : आता घन काढा. माझ्या संघाच्या वेगाचा घन १४६.४, भागिले ३४, म्हणजे ४.३०. तुमचा १५०.६ भागिले ३८, म्हणजे ३.९६. माझ्या चौघांचा एकेक स्ट्रोक साडेआठ टक्क्यांनी भारी आहे.

रेटचा कैवारी : आणि माझ्या चौघांची एकूण शक्ती जवळपास ३ टक्क्यांनी जास्त आहे. पदक एकूण शक्तीला मिळते, एका स्ट्रोकला नाही.

दोघांची विधाने एकाच हिशेबातून आली आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या संघाला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ म्हणू. अ संघाचा स्ट्रोक जड आहे, पण तो मिनिटाला कमी वेळा होतो. ब संघाचा स्ट्रोक हलका आहे, पण वारंवारता त्याची कसर भरून काढते. कोणाकडे सुधारणेला जागा आहे हे एका शर्यतीवरून ठरत नाही. त्यासाठी त्याच दिवशी, त्याच पाण्यावर, पूर्ण जोर लावून ५०० मीटरच्या दोन फेऱ्या घ्याव्या लागतात, एक २४ च्या रेटवर आणि दुसरी शर्यतीच्या रेटवर. शर्यतीच्या रेटवरच्या फेरीत दोन्ही संघांचे अंतर शर्यतीइतकेच आले असे धरू.

अ संघ २४ च्या रेटवर ११.७ मीटर जातो. त्याचा वेग ४.६८ आणि माप ४.२७. शर्यतीच्या रेटवर हेच माप ४.३० होते. म्हणजे रेट १० ने वाढला तरी या संघाचा स्ट्रोक जसाच्या तसा राहिला. नियमाप्रमाणे ३४ च्या रेटवर त्याचे अंतर ९.२८ मीटर व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात ते ९.३ आहे. अंतर २ मीटर ४० सेंटिमीटरने घटले, पण त्यात दोष काहीच नाही.

ब संघ २४ च्या रेटवर ११.८ मीटर जातो, म्हणजे अ संघापेक्षाही लांब. त्याचा वेग ४.७२ आणि माप ४.३८. हा स्ट्रोक ३८ च्या रेटवर टिकला असता तर अंतर ८.६९ मीटर आले असते. प्रत्यक्षात ते ८.४ आहे आणि माप ३.९६ वर उतरले आहे. नोंदवहीत दिसणाऱ्या ३.४ मीटर घटीपैकी ३.१ मीटर पाण्याच्या नियमाने गेली. उरलेले सुमारे ३० सेंटिमीटर संघाने स्वतः गमावले. हे ३० सेंटिमीटर किरकोळ नाहीत. ते वाचले असते तर वेग ५.५० झाला असता आणि वेळ ६ मिनिटे ४ सेकंदांच्या आसपास आली असती.

लांबीचा कैवारी : म्हणजे तुमच्या संघाचा रेट खाली आणायला हवा.

रेटचा कैवारी : आणि तुमच्या संघाचा वर न्यायला हवा. तुमचा स्ट्रोक ३४ वर मोडत नाही, तर मग तिथेच का थांबता?

रेटची वरची आणि खालची मर्यादा

अ संघाने स्ट्रोक तसाच ठेवून रेट ३८ केला तर कागदावर वेग ५.४७ आणि वेळ ६ मिनिटे ६ सेकंद येते. पण त्यासाठी १२ टक्के जास्त शक्ती लागेल. सहा मिनिटांची शर्यत आधीच दम संपेपर्यंत वल्हवणाऱ्या संघाकडे एवढी शिल्लक नसते. जवळचे उद्दिष्ट ३६ चे आहे. तिथे स्ट्रोकमधले काम ३ टक्क्यांनी कमी झाले तरी वेग ५.३२ होतो, म्हणजे ब संघाच्या वेळेशी बरोबरी. उलट ब संघाने तीच एकूण शक्ती ठेवून रेट ३८ वरून ३६ वर आणला तर त्याला त्याच वेळेसाठी प्रतिस्ट्रोक ८.८७ मीटर जावे लागेल. एक संघ वर येताना आणि दुसरा खाली येताना, दोघे ३६ च्या रेटवर आणि सुमारे ८.८७ मीटरवर येऊन भेटतात. हा केवळ आकड्यांचा योगायोग नाही. रेट आणि लांबी दोन्हींना आपापल्या बाजूने मर्यादा आहेत, म्हणून चांगले संघ मधल्या पट्ट्यात जमतात.

रेटची वरची मर्यादा वल्हवणाऱ्यांच्या वजनातून येते. क्वाड्रपल स्कल्सच्या होडीचे किमान वजन ५२ किलो असते आणि तिच्यातले चौघे प्रत्येकी ९० किलोचे असतील तर मिळून ३६० किलो, म्हणजे होडीच्या जवळपास सातपट. परतीच्या काळात हे वजन होडीच्या मागच्या टोकाकडे सरकते आणि त्या प्रतिक्रियेने होडी पुढे उसळते. होडीचा सर्वांत जास्त वेग ओढीत नसून परतीच्या काळात असतो तो यामुळे. पुढची ओढ सुरू होताना हेच वजन उलट दिशेला फिरवावे लागते आणि होडी सर्वांत मंद होते. वेग असा वरखाली झाला की त्याच सरासरी वेगासाठी जास्त शक्ती लागते, कारण वेगवान क्षणांतला जादा अवरोध मंद क्षणांतल्या बचतीपेक्षा मोठा असतो. रेट वाढला की सरकणे जलद होते, चढउतार वाढतात आणि शरीर नुसते पुढेमागे हलवण्यातही ताकद खर्च होते. म्हणून घनमुळाचा नियम रेट वाढवण्याचा फायदा थोडा जास्तच दाखवतो.

खालची मर्यादा स्नायूंची आहे. अ संघाची आजची शक्ती २८ च्या रेटवर मिळवायची तर प्रत्येक स्ट्रोकमध्ये २१ टक्के जास्त काम करावे लागेल. ओढीची लांबी शरीराच्या मापाने ठरलेली असते, त्यामुळे हे जादा काम जादा जोरातूनच काढावे लागते. तेवढा जोर शंभर-दीडशे वेळा लागोपाठ देता देता पाय भरून येतात आणि शेवटच्या ५०० मीटरमध्ये स्ट्रोक कोसळतो.

तीस सेंटिमीटर कुठे जातात

रेट वाढवायचा म्हणजे मुख्यतः परतीचा वेळ कमी करायचा. २० च्या रेटवर एका स्ट्रोकचे चक्र ३ सेकंदांचे असते, ३८ च्या रेटवर ते १.६ सेकंदांवर येते. ओढीचा वेळ त्या मानाने कमीच बदलतो, कापली जाते ती परत. ब संघासारखा संघ इथे फसतो. वेळ पुरत नाही म्हणून बैठक पूर्ण पुढे यायच्या आतच वल्हे पाण्यात टाकले जाते, किंवा पुढे येऊनही पाते पाण्यात शिरायच्या आधीच पाय ढकलले जातात आणि वल्ह्याच्या कमानीचे पहिले काही अंश हवेत जातात. दुसऱ्या टोकाला, ओढ संपायच्या आधीच पाते पाण्यातून निसटते.

यातले काय घडते आहे ते काठावरून ओळखता येते. पाते पडताना पाणी मागे, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाकडे उडत असेल तर पाय पात्याच्या आधी सुटत आहेत. ओढीच्या शेवटी पात्याभोवती पांढरा फेस येत असेल तर पाते लवकर निघते आहे. यांपैकी काहीच दिसत नसूनही माप घसरत असेल तर बाजूने चित्रण करून २४ आणि ३८ च्या रेटवरची कमान शेजारी ठेवून पाहावी लागते. कमान आखूड झालेली दिसली आणि दुरुस्त करूनही पुन्हा आखूड होत असेल, तर वल्ह्याचा भार संघाला जड आहे. अशा वेळी वल्ह्याची एकूण लांबी एखाद्या सेंटिमीटरने कमी करून पाहिली जाते. ओढ हलकी होते आणि वाढत्या रेटवरही कमान पूर्ण करता येते. अ संघाला रेट वाढवण्याचा सराव द्यायचा तर तो ३४ वरून थेट ३८ वर नेत नाहीत. ३५, ३६ अशा पायऱ्यांवर छोट्या फेऱ्या घेऊन प्रत्येक पायरीवर माप टिकते का ते तपासतात.

आकडे कुठे फसवतात

लांबीचा कैवारी : एवढे सेंटिमीटर मोजताय, ते मोजमाप खरे कशावरून?

रेटचा कैवारी : हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

प्रतिस्ट्रोक अंतर बहुधा जीपीएसवर मोजले जाते आणि जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो, पाण्याच्या नाही. नदीचा प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटर असेल तर ३४ च्या रेटवर प्रवाहाबरोबर जाताना प्रत्येक स्ट्रोकला ३५ सेंटिमीटर फुकट मिळतात. ब संघात शोधलेली चूक त्याहून लहान आहे, म्हणजे प्रवाह एकटाच तिला झाकू शकतो. वाऱ्याचेही तसेच आहे. म्हणून वाहत्या पाण्यात प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना घेऊन सरासरी काढतात, आणि दोन संघांची तुलना एकाच दिवशी, एकाच पाण्यावर, शक्यतो शेजारच्या मार्गिकांमध्ये करतात. गेल्या महिन्याच्या आकड्यांशी आजचे आकडे ताडून स्ट्रोक सुधारला किंवा बिघडला असे म्हणता येत नाही. हे माप एकाच प्रकारच्या होड्यांत चालते. एकट्याची स्कल आणि आठ जणांची होडी यांचा अवरोध वेगळा असतो, त्यामुळे त्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. एकाच प्रकारच्या होड्यांतही एका संघाचे वजन बरेच जास्त असेल तर होडी खोल बसते आणि तुलना सैल होते.

या मर्यादा मान्य केल्यावर वादाचा निर्णय स्पष्ट आहे. रेट आणि लांबी यांत सर्वकाळ श्रेष्ठ असे काही नाही. ज्या संघाचे माप रेट वाढला तरी टिकते, त्याने रेट वाढवावा. ज्याचे माप वाढत्या रेटवर घसरते, त्याने शर्यतीच्या रेटवर स्ट्रोक पूर्ण करायला शिकावे, आणि ते साधेपर्यंत रेट थोडा उतरवावा. अ संघाचे काम पहिल्या प्रकारचे आहे आणि ब संघाचे दुसऱ्या प्रकारचे. आजच्या शर्यतीत ब संघ पुढे आहे. त्याचे हरवलेले ३० सेंटिमीटर परत आले तर आजच्या रेटवर अ संघ त्याला गाठू शकणार नाही.